बाजूचा बर्नर

मेहुणीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला नोझल देत होतो. सिलिंडरच्या गॅसचं नोझल बारीक भोकाचं असतं, पाइपच्या गॅसचं थोडं मोठं. त्याला नक्की कुठलं हवं ते त्यालाच माहीत नव्हतं. मी विचारत होतो, "घरी सिलिंडर आहे की पाइप?" तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी म्हणाली, "भावोजी, ताई गेली." मी म्हटलं, "कुठे?"

बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चांगलं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिला धरून चालवलंही होतं. मग रक्ताची गुठळी छातीत गेली, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या गिऱ्हाइकाला नोझल कागदात बांधून दिलं, सुटे पैसे परत दिले, आणि मग शटर ओढलं. असं का केलं ते विचारू नका. हात चालत होते म्हणून केलं.

आमचं दुकान शेगडीच्या सुट्या भागांचं. बर्नर, टोप्या, नोझल, बटणं, जाळ्या, रबरी नळ्या. मी दुरुस्ती करायचो, ती गल्ल्यावर बसायची. लोक फोनवर फोटो पाठवायला लागले तेव्हापासून ते काम तिच्याकडे गेलं, कारण मला चष्मा लावूनही फोटोत सगळं सारखंच दिसायचं. फोटो कसलेही येतात. कोणी अंधारात काढतो, कोणी शेगडी घासूनपुसून बाजूला फुलदाणी ठेवून काढतो. ती फोन लांब धरायची, मग जवळ घ्यायची, आणि म्हणायची, "ही टोपी त्या लांब मानेच्या बर्नरची. दुसऱ्या खणात बघा." मी बघायचो. असायची.

"तुला कसं कळतं?" असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "तुम्हाला माणसं कशी ओळखू येतात? तशीच." झालं उत्तर. पुढे मी विचारलं नाही.

दिवसपाणी उरकलं, पाहुणे गेले. मेहुणी मात्र थांबली. दुकान उघडलं त्या दिवशी तिनेच बायकोचा फोन चार्ज करून माझ्या हातात दिला.

"यातलं काय ठेवायचं ते बघा आणि बंद करून टाका भावोजी. उगाच वाजत राहतो."

त्याला कुलूप नव्हतं. दुकानाचा म्हणूनच तो घेतलेला. मी उघडला तर फोटोच फोटो. कोणाची टोपी, कोणाचं बटण. वर सगळ्यात ताजा निरोप एका बाईचा होता. बायकोने तिचं नाव 'खाणीवरची मेस' असं घातलं होतं. ती दगडाच्या खाणीवरच्या कामगारांचं जेवण करते. बसने गेलं तर अर्धा दिवस जातो, म्हणून तिचा सगळा व्यवहार फोनवर आणि सामान बसच्या ड्रायव्हरबरोबर.

वर सरकवून मी मागचं वाचलं. बाईने फोटो पाठवला होता, तीन बर्नरच्या शेगडीचा. उजव्या बर्नरची टोपी तडकून तिचा तुकडा पडला होता. बाजूला अंदाज यावा म्हणून काडेपेटी ठेवलेली. बायकोने शेगडीच्या पाटीचा फोटो मागितला, तोही आला. शेगडीच्या बुडाशी एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर कंपनी आणि मॉडेल लिहिलेलं असतं. आणि खाली बायकोचं उत्तर: "कळलं. मागवते."

हे तिने हॉस्पिटलच्या खाटेवरून लिहिलं होतं. दुकान समोर नसताना, खण समोर नसताना. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

मग बाईचे निरोप. "ताई टोपी निघाली का?" "ताई दोनच बर्नरवर चाललंय." आणि त्या सकाळचा: "ताई घरी आलात का? गुडघा कसा आहे?"

मला लिहायचं होतं की मी तिचा नवरा, ती आता नाही. टाइप करायला मला वेळ लागतो. 'मी' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, "बरा आहे."

लगेच उत्तर आलं. "देवाची कृपा. जिना चढू नका. टोपीची घाई नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही आधी बऱ्या व्हा."

मी फोन उलटा ठेवला. मेहुणीने विचारलं, "केला का बंद?" मी म्हटलं, "एक ऑर्डर राहिली आहे. ती झाली की करतो."

एवढंच मनाशी धरलं होतं. तिने 'मागवते' म्हटलं होतं. टोपी तेवढी पोचवायची, आणि मग त्या बाईला सांगायचं. टोपी हातात असली की सांगणं सोपं जाईल असं वाटलं. तोवर तिकडे कोणाच्या तरी लेखी बायको गुडघा धरून जिना टाळत घरात वावरत होती. तेवढं मला मोडवेना.

मी फोटो बोटांनी ओढून मोठा केला. तडकलेली टोपी आणि काडेपेटी, एवढंच पडद्यावर राहील असा. तेवढ्याच तुकड्याचा पुन्हा फोटो घेतला आणि पाटीच्या फोटोबरोबर पितळवाल्याला पाठवला. पितळवाला म्हणजे आमचा होलसेलवाला. गेली कित्येक वर्षं आम्ही त्याच्याकडूनच माल घेतो. त्याने फोन केला.

"भाऊ, वहिनींचं ऐकलं. फार वाईट झालं."

"हं."

"जेवता ना वेळेवर?"

"जेवतो. टोपी बघितलीस का?"

"बघितली. काजळी एवढी आहे की चेहरा दिसत नाही. पाटीवरून तर सरळ आहे. या मॉडेलला डावा-उजवा दोन्ही मोठे, मधला लहान. उजवा म्हणजे मोठी टोपी. मापून घेतलंत?"

मी मापलं होतं. तसली काडेपेटी आमच्याकडेही होती. ती पट्टीने मोजली, फोटोतल्या काडेपेटीशी टोपी ताडून बघितली. माप बरोबर मोठ्या टोपीचं आलं. पाटीही तेच सांगत होती, मापही तेच.

"पाठव," मी म्हटलं.

"बघा हं. हे मॉडेल आता बंद झालं आहे. एकच नग आहे, तोही शोधून आणावा लागेल."

"आण."

मधल्या दिवसांत बाई लिहीत राहिली. मीही लिहीत राहिलो, एक-दोन शब्द. तिने लिहिलं की दुपारचं जेवण आता दोन पंगतींत वाढावं लागतं, मोठं पातेलं चढवायला बर्नर नाही, ठेकेदार म्हणतो पुढच्या महिन्यात दुसरी मेस बघतो. ठेकेदाराला तिने जे म्हटलं तेही तिने लिहिलं होतं, ते इथे देत नाही. मग: "तुम्ही हल्ली फार कमी बोलता ताई. गोळ्यांनी झोप येते का?"

मी लिहिलं, "हो."

टोपी आली. पितळेची, जड, नवी चकचकीत. मी ती बसच्या ड्रायव्हरकडे दिली आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त जेवलो. मेहुणीच्या ते लक्षात आलं. तिने आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर फोटो नाही, व्हिडिओ आला. टोपी बर्नरच्या वाटीवर ठेवलेली होती आणि बाई तिला बोटाने दाबत होती. इकडून दाबलं की तिकडून उचलत होती. टोपीची खालची कड वाटीत बसतच नव्हती, नुसती काठावर टेकली होती. मग तिने गॅस पेटवला. ज्योत खाचांतून यायची ती टोपीच्या खालून एका बाजूने भसकन बाहेर आली. बाईचा आवाज आला, "आई गं!" आणि व्हिडिओ संपला.

खाली निरोप: "ताई मोठी आली. तुमची चूक कशी झाली?"

'तुमची चूक कशी झाली.' हे मला सहन झालं नाही. बायकोची चूक झालीच नव्हती. तिने ओळखलं होतं आणि मी भलतंच पाठवलं होतं, तिच्या नावाने. आणि आता बाई पुन्हा ती टोपी लावून पेटवील ही भीती वेगळीच.

मी सरळ त्याच फोनवरून बाईला फोन लावला.

"ताई! अहो, शेवटी फोन तरी केलात—"

"मी ताईंचा नवरा बोलतोय. आधी ती टोपी काढा आणि तो बर्नर पेटवू नका. खालून ज्योत येते तर जाळ बटणापर्यंत जाईल."

"काढली, काढली. मी काय वेडी आहे? ताई झोपल्यात का?"

मी दुकानात एकटाच होतो. समोर रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"ताई गेली," मी म्हटलं. "हॉस्पिटलमध्येच. तुम्हाला 'कळलं, मागवते' लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पलीकडे भांडी वाजत होती. मग ती म्हणाली, "मग एवढे दिवस मी कोणाशी बोलत होते?"

"माझ्याशी."

"गुडघा बरा आहे, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"लाज नाही वाटली? मी इथे रोज तुमच्या बायकोच्या गुडघ्यासाठी हात जोडत होते. मेलेल्या माणसाच्या गुडघ्यासाठी!"

तिने कोणाला तरी ओरडून सांगितलं, "कालवण ढवळ, खाली लागेल!" मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"माझी ताईंशी भेट नाही झाली कधी," ती म्हणाली. "एकदा पण नाही. पण शेगडीला काही झालं की आधी विचारायच्या, तुझा हात-बित भाजला नाही ना? मग टोपी."

"तिचं तसंच होतं."

"तुम्हाला टोपी ओळखता येत नाही, हे तरी सांगायचं होतं सरळ."

"येत नाही."

"दुकान कसं चालवता मग?"

"आता चालवत नाही, नुसतं उघडतो."

यावर ती हसली का रडली ते कळलं नाही. म्हणाली, "जुनी टोपी मी मोडीत दिली. ताई म्हणाल्या कळलं, मग कशाला ठेवू? पण फोटो आहे ना. त्यांना फोटोवरून कळलं, म्हणजे त्यातच असणार काहीतरी. बघा नीट. आत्ता पंगत बसायची आहे, मी दुपारनंतर बोलते. आणि माझ्याशी बोलायचं तर तुमच्या फोनवरून बोला." फोन ठेवला.

मी बायकोचा फोन घेऊन तिच्या स्टुलावर बसलो. इतके दिवस मी मोठा केलेला तुकडाच बघत होतो. आता मूळ फोटो उघडला आणि ती करायची तसा फोन हात लांब करून धरला.

पूर्ण शेगडी दिसली. फोटो उजव्या बर्नरच्या अगदी वर फोन धरून काढलेला. डावा बर्नर पार कडेला, अर्धा कापलेला. आणि तो मोठा दिसत होता. उजव्यापेक्षा मोठा.

हे उलट होतं. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान. उजवा फोनच्या जवळ होता, डावा लांब. पाटीप्रमाणे दोन्ही सारखे असते तर डावा लहान दिसायला हवा होता. लांब असून मोठा दिसतो, म्हणजे तो खरंच मोठा आहे आणि उजवा खरंच लहान. म्हणजे उजवा बर्नर या शेगडीचा नव्हताच. कधीतरी कोणीतरी दुसऱ्याच शेगडीचा काढून इथे बसवला होता. पाटी खोटी नव्हती, पण ती शेगडीबद्दल सांगत होती, बर्नरबद्दल नाही.

मग काडेपेटीने माप मोठं कसं दिलं? तेही दिसलं. काडेपेटी बर्नरखालच्या ताटलीत पडलेली होती, टोपी वर उंचावर. खालची काडेपेटी लांब म्हणून लहान दिसली, आणि तिच्याशी ताडून मी टोपी मोठी ठरवली. मी खालच्या वस्तूने वरची वस्तू मापली होती. बायको टोपीची तुलना बाजूच्या बर्नरशी करायची, कारण तो त्याच उंचीवर असतो. फोन आधी लांब धरायची तो त्यासाठी. तिने कधी सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, यात काय सांगायचं?

टोपीच्या मधोमध एक फुगीर टिकली होती, भोवती गोल रेघ. मी ती उतू गेलेल्या कशाचा तरी डाग समजलो होतो.

दुपारनंतर मी माझ्या फोनवरून त्या बाईला फोन केला. तिने 'हॅलो' म्हटलं नाही. म्हणाली, "बोला."

"शेगडी नवीन घेतली होती की जुनी?"

"जुनी. आधीच्या मेसवाल्याकडून."

"उजवा बर्नर दुसऱ्याच शेगडीचा आहे. गार झालाय ना? मग वाटीचा फोटो काढा. काडेपेटी ताटलीत नाही, वाटीच्या काठावरच आडवी ठेवा. आणि फोन हातभर वर धरा, जवळ नको."

"ताई असं कधी सांगायच्या नाहीत."

"तिला लागत नव्हतं. मला लागतं."

"बरं," ती म्हणाली. "एवढं तरी खरं बोललात."

फोटो चांगला आला. या वेळी माप लहान निघालं, आणि वाटीच्या आतल्या कडेला तीन दात दिसले. तीन दातांची वाटी आणि फुगीर टिकलीची टोपी. मी खणांपुढे उभा राहिलो. कुठला खण, ते ती सांगायची. मी एकेक उघडत गेलो. मोठ्या टोप्या, लहान टोप्या, एका खणात नुसते स्क्रू, एकात तिच्या खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं. अगदी खालच्या खणात तसल्या टिकलीची एक टोपी सापडली, पण कड झिजलेली, कोणीतरी बदलून नेताना टाकून गेलेली. तीच घेऊन मी पितळवाल्याकडे गेलो. या वेळी फोटो नाही पाठवला.

त्याने ती हातात फिरवली. "अरे, ही तर त्या बंद पडलेल्या कारखान्याची. चार बर्नरवाली शेगडी काढायचे ते. तीन बर्नरच्या शेगडीत ही काय करत होती?"

"पाहुणी म्हणून आली आणि राहिली."

"वहिनी ओळखायच्या हं अशा."

"हिलाही ओळखलं होतं तिने."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला सांगून गेली नाही."

त्याने कपाटामागून एक पेटी ओढली. जुन्या मालाची, धुळीने भरलेली. त्यात दोन निघाल्या. मी दोन्ही घेतल्या. झिजलेल्या टोपीशी लावून बघितल्या, कड बोटाने फिरवून बघितली, पट्टीने मापल्या. त्याने विचारलं, "खात्री आहे ना आता?" मी म्हटलं, "बसली की सांगतो."

पुन्हा चूक ड्रायव्हरच्या हाती द्यायची नव्हती, म्हणून स्वतःच बसने गेलो.

मेस म्हणजे पत्र्याची लांब खोली होती. बाहेर दगडाची पूड सगळीकडे, आत मात्र ओटा स्वच्छ. बाई माझ्यापेक्षा लहान निघाली, उंच, मनगटावर जुन्या भाजल्याचे डाग. तिने मला पाणी दिलं आणि शेगडीकडे बोट दाखवलं.

मी वाटी ब्रशने घासली, खाली नोझलचं भोक साफ करून बघितलं. बारीक भोकाचं, सिलिंडरचंच होतं. टोपी ठेवली. ती खटकन बसली. चारी बाजूंनी दाबून बघितली, हलली नाही. बाईनेही स्वतःच्या बोटाने दाबून बघितली, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. मग पेटवलं. गोल, निळी ज्योत, सगळीकडून सारखी, खालून काही नाही.

ती तशीच बघत उभी राहिली. मग बोलली, "ताईंनी 'कळलं' म्हटलं होतं ना, ते हेच?"

"हेच."

"बघा."

तिने मोठं पातेलं उचलून त्यावर ठेवलं. मला जेवायला वाढलं. मी जेवत असताना ती म्हणाली, "रडलात का तुम्ही?"

"वेळ नाही मिळाला."

"टोपी शोधत होतात म्हणून?"

"हो."

"आता काय शोधणार?"

उत्तराची वाट न बघता तिने आणखी वाढलं. दुसरी टोपी मी तिच्याकडेच ठेवून आलो, पुढे लागली तर असावी म्हणून. निघताना तिने बजावलं, "ताईंच्या फोनवरून आता कोणाला काही लिहू नका. बायका फसतात."

घरी आलो तर मेहुणीने बॅग भरून ठेवली होती, तिलाही तिचं घर होतं. तिने विचारलं, "झाली ती ऑर्डर?"

"झाली."

"मग फोन बंद?"

मी फोन उघडून तिला दाखवला. खाणीवरच्या मेसच्या खाली इतर लोकांचे फोटो होते. कोणाचं बटण, कोणाची जाळी, कोणाचं नोझल. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "ताई, ओळखलं का?" काही ठिकाणी तिचं 'कळलं' आलेलं होतं आणि पुढे काही नव्हतं. दोघीतिघींनी गुडघ्याचीही चौकशी केली होती.

त्यांच्यापैकी कोणालाच मी अजून कळवलेलं नाही.